प्रॅक्टिकलच्या रकान्यात तास लिहा, मार्क नकोत

इंदूर आणि आसपासच्या नर्सिंग महाविद्यालयांतल्या प्राचार्या, ट्यूटर आणि ऑफिसातल्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी इंदुरात सिस्टर ट्यूटर म्हणून नोकरी केली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण मुली अजून घरी येतात. पूर्वी केस स्टडी तपासून घ्यायला यायच्या, आता फाइल घेऊन येतात. फाइलमध्ये मार्कशीट, रजिस्ट्रेशन, पासपोर्ट आणि जर्मन भाषेच्या परीक्षेचा निकाल असतो. रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून आम्ही एकेक कागद लावतो, आणि बहुतेक वेळा एकाच कागदावर गाडी अडते. तो कागद तुमच्या ऑफिसातून येतो, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. तुमच्यातल्या पुष्कळ जणी माझ्याबरोबर शिकलेल्या, शिकवलेल्या, मराठी घरांतल्या आहेत, म्हणून आधी आपल्या भाषेत लिहिते. हिंदीतली प्रत नंतर देईन.

कागद अगदी साधा आहे. मुलीनं कोणत्या विषयाचे किती तास वर्गात शिकले, आणि कोणत्या वॉर्डात, कोणत्या ठिकाणी किती तास ड्यूटी केली, याचा तक्ता. मुली त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. आपल्याकडे ट्रान्सक्रिप्ट म्हणून बहुतेक जागी मार्कशीटचीच एकत्र नक्कल मिळते. परदेशातल्या तपासणाऱ्याला मार्कांत रस नसतो. पास झाल्याचं प्रमाणपत्र त्याच्यासमोर असतंच. त्याला तास हवे असतात.

मी जर्मनीबद्दल लिहिणार आहे, कारण सध्या माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जणी तिकडे जाणाऱ्या आहेत, आणि तिथली पद्धत मी कागदावर कागद ठेवून पाहिली आहे.

जर्मनीत २०२० पासून नर्सिंगचं नवं शिक्षण सुरू झालं. तीन वर्षांत २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे. त्या २५०० तासांची वाटणी नियमातच दिली आहे. सुरुवातीची ओळख ४०० तास. मग हॉस्पिटलमधल्या रुग्णांची शुश्रूषा ४००, वृद्धाश्रम किंवा तशा कायम निवासाच्या संस्थेतली शुश्रूषा ४००, आणि रुग्णाच्या घरी जाऊन केलेली शुश्रूषा ४००. लहान मुलांसाठी १२०, मानसिक आजारांसाठी १२०. शेवटी एका निवडलेल्या क्षेत्रात ५०० आणि उरलेले १६० इतर ठिकाणी. आपल्या मुलीचा अर्ज ज्या कार्यालयात जातो तिथला माणूस एका बाजूला हा तक्ता ठेवतो आणि दुसऱ्या बाजूला तुमचा. दोन्हींमध्ये मोठा फरक कुठे आहे ते तो शोधतो. जर्मनीत सोळा राज्यं आहेत आणि मुलगी ज्या राज्यात काम करणार तिथलं कार्यालय हे पाहतं, त्यामुळे बारीकसारीक मागण्या राज्यागणिक बदलतात. पण दोन तक्ते शेजारी ठेवणं सगळीकडे आहे.

फरक सापडला की तो लिहून कळवतात. त्या कागदाला तिकडे डेफिझिटबेशाइड म्हणतात, आपण त्रुटिपत्र म्हणू. त्यात कोणत्या क्षेत्रात काय कमी पडलं ते लिहिलेलं असतं. मग मुलीपुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे जुळवणीचा अभ्यासक्रम: कमी पडलेल्या क्षेत्रांत तिथल्या हॉस्पिटलात आणि संस्थांत काम करायचं, सोबत वर्ग करायचे आणि शेवटी परीक्षकांबरोबर बसून एक बोलणं होतं, त्यावर निकाल. याची लांबी त्रुटी किती त्यावर ठरते, कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं. दुसरा रस्ता म्हणजे ज्ञानाची परीक्षा, तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णांजवळची. दोन्हींपैकी एक पार पडेपर्यंत, आणि भाषेची बी-टू पातळी हातात येईपर्यंत, परवाना नाही. तोवर ती तिथे नर्स नसते, मदतनीस असते, आणि पगारही मदतनिसाचा.

आता दोन मुलींची गोष्ट सांगते. दोघी इंदूरच्या एकाच कॉलेजातल्या, २०१२ ते २०१६ ची बी.एस्सी. नर्सिंगची बॅच. एक सुदामानगरची, एक देवासहून रोज बसनं येणारी. दोघींचे मार्क जवळजवळ सारखे. दोघींनी जर्मनीतल्या एकाच राज्यात अर्ज केला, काही महिन्यांच्या अंतरानं.

सुदामानगरच्या मुलीनं कॉलेजमधून ट्रान्सक्रिप्ट घेतली ती एक पानाची होती. विषयाचं नाव, वर्गाचे तास, पुढे प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलच्या रकान्यात तास नव्हते, मार्क होते: ५० पैकी ३८, ५० पैकी ४१. इंटर्नशिपची ओळच नव्हती. शपथबद्ध भाषांतरकारानं ते जसंच्या तसं जर्मनमध्ये उतरवलं, कारण त्याला स्वतःहून काही घालता येत नाही. तिकडून पत्र आलं: प्रत्यक्ष कामाचे तास क्षेत्रवार कळवा. तिनं कॉलेजला लिहिलं. तीन महिन्यांनी कॉलेजकडून तेच पान पुन्हा आलं, या वेळी प्राचार्यांची ताजी सही आणि शिक्का मारून. त्या तीन महिन्यांत तिची फाइल अपुरी म्हणून पडून होती. कागद पूर्ण पोचल्याशिवाय निर्णयाची मुदतच सुरू होत नाही. भाषांतराचे पैसे दुसऱ्यांदा गेले ते वेगळेच. अखेर कार्यालयानं हातात होतं त्यावर निर्णय दिला. त्रुटिपत्रात हॉस्पिटल, वृद्धांची संस्था, घरची शुश्रूषा, बालरुग्ण, मानसिक रुग्ण, सगळी क्षेत्रं आली. चार वर्षं एम. वाय.च्या आवारात आणि बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात ड्यूट्या केलेल्या मुलीला लहान मुलांच्या वॉर्डाचा अनुभव सिद्ध होत नाही असं उत्तर मिळालं. त्या उत्तरात चूक काहीच नव्हती, कारण कागदावर तसा अनुभव खरंच नव्हता.

देवासच्या मुलीचा तक्ता माझ्या ओट्यावर तयार झाला. तिच्याकडे चारही वर्षांची क्लिनिकल डायरी होती, आणि तिची आई अशी की तिनं एकही वही रद्दीत जाऊ दिली नव्हती. आम्ही इंडियन नर्सिंग कौन्सिलचा तेव्हाचा अभ्यासक्रम उघडला आणि शेजारी डायरी ठेवली.

बालरुग्ण शुश्रूषेचे तिसऱ्या वर्षाचे २७० तास, इंटर्नशिपचे १४५. एकूण ४१५. जर्मनीत लागतात १२०. मानसिक आरोग्य: तिसऱ्या वर्षी २७०, इंटर्नशिपमध्ये ९५, एकूण ३६५. तिथेही लागतात १२०. मेडिकल-सर्जिकल: दुसऱ्या वर्षी ७२०, तिसऱ्या वर्षी २७०, इंटर्नशिप ४३०, म्हणजे १४२० तास. इथे तर आपली मुलगी कितीतरी पुढे आहे. (प्रसूती तर धरलीच नाही. तिकडे मिडवाइफ हा वेगळा व्यवसाय आहे.)

खरी अडचण वृद्धांची संस्था आणि घरची शुश्रूषा या दोनच ठिकाणी होती. आपल्या अभ्यासक्रमात वृद्ध रुग्ण मेडिकल-सर्जिकलच्या पोटात येतात, त्यांच्या नावाची वेगळी पोस्टिंग नसते. घरी जाणं येतं कम्युनिटी हेल्थमध्ये. कम्युनिटीचे दुसऱ्या वर्षी १३५, चौथ्या वर्षी १३५ आणि इंटर्नशिपमध्ये १९५, असे ४६५ तास तिच्या नावावर होते. पण कम्युनिटी हेल्थ ४६५ तास एवढंच लिहिलं तर जर्मन अधिकाऱ्याला काय समजणार? त्याच्या डोळ्यापुढे लसीकरण, सर्व्हे आणि शाळेत जाऊन केलेलं भाषण येतं. त्याला हवी असते घरात पलंगाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा. म्हणून आम्ही डायरीतून एकेक दिवस काढला. वृद्धाश्रमातली दोन आठवड्यांची ड्यूटी, रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस: ९६ तास. गावात आणि वस्तीत घरी जाऊन केलेलं काम, ज्यात मधुमेही पायाचं ड्रेसिंग, इन्सुलिन कसं टोचायचं ते घरच्यांना शिकवणं, अर्धांगाच्या रुग्णाला कुशीवर वळवणं आणि बाळंतिणीच्या भेटी होत्या: १५८ तास. उरलेले २११ तास उपकेंद्र, लसीकरण आणि सर्व्हे, ते तसेच लिहिले.

एक दिवस माझ्या अजून डोळ्यासमोर आहे. डायरीत तिनं लिहिलं होतं: आजीच्या कंबरेखाली जखम, चार सेंटिमीटर, कडा लाल, दर दोन तासांनी कूस बदलायला सुनेला शिकवलं, उशी कुठे ठेवायची ते दाखवलं. खाली ट्यूटरची आद्याक्षरं आणि तारीख. त्या दोन ओळींमुळे घरच्या शुश्रूषेच्या रकान्यात सहा तास भरता आले. ती आद्याक्षरं ज्या ट्यूटरनं केली तिला तेव्हा कल्पनाही नसेल की आठ वर्षांनी त्यांचा असा उपयोग होईल.

हा तक्ता घेऊन ती कॉलेजात गेली. तिथे नव्या प्राचार्या होत्या. त्यांनी बॅचचा जुना रोटेशन प्लॅन कपाटातून काढून पडताळला, दोन ठिकाणी आमचे तास जास्त होते ते कापले आणि मग लेटरहेडवर चार पानं टाइप करून दिली. कापलेले तास योग्यच होते. डायरीत मुलीनं परीक्षेच्या आठवड्यातले दिवसही धरले होते.

तिच्या त्रुटिपत्रात दोनच क्षेत्रं आली, वृद्धांची संस्था आणि घरची शुश्रूषा, आणि दोन्हीही अंशतः. शिवाय एक गोष्ट झाली जी मुलींना कुणी सांगत नाही. कायद्यात असं आहे की शिक्षणातली उणीव नंतरच्या कामाच्या अनुभवानं पूर्ण किंवा काही अंशी भरून निघू शकते, आणि कार्यालयानं तो अनुभव पाहायला हवा. देवासच्या मुलीनं तीन वर्षं मेडिसिन वॉर्डात नोकरी केली होती. तिच्या अनुभवपत्रात वॉर्ड, पूर्णवेळ, आठवड्याचे ४८ तास आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं होतं: अर्धांगानंतरचे वृद्ध रुग्ण, नळीनं अन्न देणं, शय्याव्रणाचं ड्रेसिंग, घरी जाताना नातेवाइकांना समजावणं. ते धरलं गेलं. तिला सहा महिन्यांचा जुळवणीचा अभ्यासक्रम मिळाला. तिकडे गेल्यापासून सात महिन्यांत परवान्याचा कागद हातात आला.

सुदामानगरच्या मुलीच्या अनुभवपत्रात फक्त एवढंच होतं की तिनं स्टाफ नर्स म्हणून काम केलं आणि तिची वर्तणूक चांगली होती. त्यातून काहीच धरता आलं नाही. सगळ्या क्षेत्रांच्या त्रुटीवर तिला वर्षभराचा अभ्यासक्रम सांगितला गेला. तिनं त्याऐवजी परीक्षा निवडली. लवकर सुटू असं तिला वाटलं.

या परीक्षेबद्दल थोडं लिहिते, कारण तुमच्या स्किल लॅबशी तिचा संबंध आहे. तोंडी भाग पाऊण तास ते तासभर चालतो. एक रुग्ण कागदावर देतात आणि त्याच्याबद्दल सगळी शुश्रूषा ठरवायला लावतात. प्रत्यक्ष भागात दोन ते चार रुग्ण, एकेका प्रसंगाला जास्तीत जास्त दोन तास. नापास झालात तर तो भाग एकदाच परत देता येतो. त्यानंतर नाही.

ती प्रत्यक्ष भागात पहिल्यांदा नापास झाली. मी फोनवर विचारलं, कुठे चुकलं? तिला कॅथेटर, सलाईन, औषधाचा हिशोब सगळं येत होतं. तिच्या वाट्याला एक ऐंशीच्या घरातल्या बाई आल्या होत्या, ज्यांना सकाळी उठवून अंग पुसून खुर्चीत बसवायचं होतं. तिनं पलंग कमरेच्या उंचीवर घेतला नाही, वाकूनच काम केलं. पाण्याचा गरमपणा आजींना विचारला नाही. हात चोळण्याचं द्रव घेतलं, पण तीस सेकंद चोळले नाहीत. आणि मुख्य म्हणजे आजींना स्वतःचा चेहरा स्वतः पुसता येत होता, तो तिनं पुसून दिला. परीक्षकानं लिहिलं: रुग्णाची उरलेली क्षमता वापरली नाही. तिकडे नर्सचं राखीव काम, जे कायद्यानं दुसऱ्या कुणाला देता येत नाही, ते म्हणजे रुग्णाला कशाची गरज आहे हे ठरवणं, शुश्रूषेची आखणी करून ती चालवणं आणि तिचा दर्जा तपासणं. सुई टोचणं त्या यादीत नाही.

यात मुलीचा दोष मला दिसत नाही. आपल्या वॉर्डात अंग पुसायचं काम नातेवाईक करतात, नाहीतर आया. स्टाफ नर्सला चाळीस रुग्ण, त्यांचे इंजेक्शन आणि चार्ट. विद्यार्थिनी स्पंज बाथ पहिल्या वर्षी पुतळ्यावर करते, प्रोसिजर बुकात सही घेते आणि पुढे तीन वर्षं करत नाही. म्हणून तो आठवत नाही. तुम्ही चौथ्या वर्षी दोन आठवडे सकाळची ड्यूटी फक्त यासाठी ठेवली, एका मुलीला दोन रुग्ण, उठवण्यापासून नाश्त्यापर्यंत, तर परदेशी न जाणाऱ्या मुलीचाही रुग्ण सुखी होईल. आणि ते तास वृद्धांच्या शुश्रूषेच्या रकान्यात खरेखुरे लिहिता येतील.

ती दुसऱ्या वेळी पास झाली. जर्मनीत पोचल्यापासून परवान्यापर्यंत सतरा महिने गेले. मैत्रिणीपेक्षा दहा महिने जास्त. त्या दहा महिन्यांत तिनं मदतनिसाच्या पगारावर बँकेचा हप्ता भरला, आणि तीन महिने त्या एका पानावर गेले.

मला लोक सांगतात की आता तुलना करून घेणं टाळता येतं. २०२४ पासून मुलीला तुलना सोडून थेट परीक्षा किंवा अभ्यासक्रम मागता येतो हे खरं आहे. घाईत असलेल्या मुलीला तो रस्ता ठीकही आहे. पण तुलना सोडली की आपले जास्तीचे तास आणि आपला अनुभव दाखवून त्रुटी कमी करून घ्यायची संधीही सोडली. ज्या मुलीच्या बालरुग्णाच्या खात्यात ४१५ तास आहेत तिनं तिथे काहीच दाखवू नये हे मला पटत नाही. आणि ते सोडायचं की नाही हे तिनं ठरवावं. कॉलेजनं कागद दिला नाही म्हणून तिच्यावर तशी वेळ येऊ नये.

अमेरिका आणि कॅनडाला जाणाऱ्यांनाही हाच तक्ता लागतो. तिथे तर तपासणाऱ्या संस्थेचा फॉर्म कॉलेजनंच भरून थेट त्या संस्थेकडे पाठवायचा असतो, भरलेला फॉर्म मुलीच्या हातून जाऊन चालत नाही. एन-क्लेक्ससाठी रात्रंदिवस अभ्यास करणारी मुलगी फॉर्म कुठल्या टेबलावर आहे हे विचारत फिरते, ते मी पाहिलं आहे.

आता माझं मागणं.

प्रत्येक बॅचचा रोटेशन प्लॅन आणि ड्यूटीची हजेरी स्कॅन करून ठेवा. बॅच बाहेर पडली की तो कागद अडगळीत जातो, आणि चार-पाच वर्षांनी जेव्हा लागतो तेव्हा ऑफिसात कुणी त्या बॅचचं उरलेलं नसतं. मुलीची क्लिनिकल डायरी आणि प्रोसिजर बुक परीक्षेनंतर तिला परत द्या. काही कॉलेजं ती जमा करून घेतात आणि मग रद्दीत घालतात. तक्ता देताना वर्गाचे तास आणि प्रत्यक्ष कामाचे तास वेगळे लिहा, इंटर्नशिप वेगळी लिहा, आणि प्रत्यक्ष कामात वॉर्डाचं नाव आणि ठिकाण येऊ द्या. कम्युनिटीची एक ओळ फोडा: घरभेटी किती, वृद्धाश्रम किती, उपकेंद्र किती. शेवटी सही करणाऱ्याचं नाव, पद आणि चालू असलेला ईमेल लिहा, कारण पडताळणीचा ईमेल येतो आणि उत्तर गेलं नाही तर फाइल तिथेच थांबते.

आणि तास फुगवू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण काही एजंट मुलींना तसा तयार तक्ता देतात आणि कॉलेजकडून फक्त शिक्का मागतात. फुगवलेला तक्ता ओळखू येतो. सगळ्या आकड्यांना शून्याचं शेपूट असतं, पूर्ण बॅचचे तास एकसारखे असतात, आणि वर्षाच्या आठवड्यांत ते बसत नाहीत. आठवड्याच्या तासांनी हिशोब केला की सुट्ट्या आणि परीक्षा वगळून किती तास शक्य आहेत ते कुणालाही काढता येतं. आपल्या राज्यात नर्सिंग कॉलेजांचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हायकोर्टाच्या आदेशानं सीबीआयनं कॉलेजं तपासली, आणि २०२४ मध्ये तपास करणाऱ्यांपैकीच काहींना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. मध्य प्रदेशाचा शिक्का पाहून आधीच जास्त बारकाईनं वाचतील असं धरून चाला. त्यात एका कॉलेजचा खोटा तक्ता सापडला तर त्याच कॉलेजच्या खऱ्या मुलींचे कागदही बाजूला ठेवले जातात.

त्याच गोंधळात ज्यांच्या परीक्षा रखडल्या त्या मुलींसाठी एक वेगळं पत्र लागतं, तेही द्या. चार वर्षांचा अभ्यासक्रम सहा वर्षांत पूर्ण झालेला दिसला की तिकडचा माणूस विचारतो, ही मुलगी नापास झाली होती का? मार्कशीटवर त्याचं उत्तर नसतं. परीक्षा कोणत्या महिन्यात व्हायला हवी होती, कोणत्या महिन्यात झाली, आणि उशीर विद्यार्थिनीमुळे झाला नाही, एवढ्या चार ओळी लेटरहेडवर पुरतात. ज्यांचं कॉलेजच बंद झालं त्यांचे रेकॉर्ड कुठे गेले हे जुन्या प्राचार्यांनी निदान त्या बॅचच्या मुलींना सांगावं. मी अशा तिघींसाठी सध्या शोधते आहे.

हॉस्पिटलांच्या मेट्रननाही यातलं एक सांगायचं आहे. अनुभवपत्रात वर्तणुकीबद्दल एक ओळ पुरे. वॉर्ड, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, तारखा आणि रोजचं काम लिहा. अर्धं पान होतं. नोकरी सोडून जाणाऱ्या मुलीवर राग असतो हे मला कळतं, मनुष्यबळ आपल्यालाही कमी आहे. पण तिनं केलेलं काम तिचं आहे.

केरळात राज्य सरकारची नोर्का रूट्स ही संस्था जर्मनीच्या सरकारी यंत्रणेबरोबर करार करून मुलींना पाठवते. आपल्याकडे तसं काही होईल तेव्हा होईल. तक्ता द्यायला करार लागत नाही, कपाटातला रोटेशन प्लॅन लागतो.

देवासच्या मुलीच्या चार पानी तक्त्याची प्रत माझ्याकडे आहे. तिची परवानगी घेऊन नाव आणि नंबर झाकून ठेवला आहे. ज्या कॉलेजला नमुना म्हणून हवा असेल त्यांनी कुणालाही पाठवावं. ऑफिसातल्या ज्या ताईंना किंवा दादांना हे काम करायचं आहे त्यांच्याबरोबर बसून पहिला तक्ता करून द्यायला मी तयार आहे. सकाळी अकरानंतर घरी असते. येताना एका बॅचचा रोटेशन प्लॅन आणि त्या वर्षांचं परीक्षांचं वेळापत्रक घेऊन यावं, बाकी अभ्यासक्रमाची पुस्तकं माझ्याकडे आहेत.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर
रामबाग, इंदूर